हात मोडलेल्या मुलासाठी लेखनिक आणि घटक चाचणीची पुढची तारीख: शाळेला अर्ज करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै-ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी येते. सायकलवरून, झोपाळ्यावरून किंवा ओल्या पायरीवरून पडून हात मोडण्याचे प्रकारही याच दिवसांत बरेच होतात. शाळेच्या परीक्षा विभागात बसून असे अर्ज वाचताना एक गोष्ट सतत दिसते. पालकांची अडचण खरी असते, पण अर्जात नेमकं काय हवं आहे तेच लिहिलेलं नसतं. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकणारी मुलगी आहे. १८ जुलैला तिच्या उजव्या हाताची, मनगटाच्या वरची, दोन्ही हाडं मोडली. घटक चाचणी ४ ते ११ ऑगस्टला आहे. ती उजव्या हाताने लिहिते.

लेखनिक मागायचा की चाचणी पुढे ढकलायची? दोन्ही एकाच अर्जात मागता येतं का?

मागता येतं. मात्र या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि शाळेवर त्यांचा भारही वेगळा पडतो, हे लक्षात ठेवून मागा. लेखनिक दिला तर त्याच दिवशी, त्याच प्रश्नपत्रिकेवर काम होतं. शाळेला फक्त एक माणूस आणि एक रिकामी खोली लागते. तारीख बदलली तर शिक्षकांना दुसरी प्रश्नपत्रिका काढावी लागते, कारण पहिली एव्हाना वर्गात सगळ्यांच्या हातात गेलेली असते. त्यामुळे ‘सगळे पेपर नंतर घ्या’ ही मागणी शाळेला सर्वात जड जाते.

मुलीच्याही ती सोयीची नसते. प्लास्टर ऑगस्टअखेर निघतं, मध्ये गणपती येतात आणि ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीआधी प्रथम सत्र परीक्षा असते. सात पेपर सप्टेंबरवर ढकलले तर नुकत्याच बऱ्या झालेल्या हाताला सलग सात पेपर लिहावे लागतात. त्यातच शाळेत पुढचे धडे सुरू झालेले असतात आणि सत्र परीक्षेचा अभ्यास डोक्यावर असतो.

म्हणून विषयवार ठरवा. उत्तर तोंडाने सांगता येईल असे पेपर लेखनिकाकडून लिहून घ्यायचे. ज्या पेपरात हातानेच काही काढावं लागतं, तेवढेच पुढे न्यायचे. आपल्या उदाहरणात मराठी, हिंदी, इंग्रजी, विज्ञान आणि इतिहास व नागरिकशास्त्र हे पाच पेपर लेखनिकाकडे जातात. गणित आणि भूगोल पुढे जातात.

गणित का पुढे न्यायचं? गणितं तर सांगून लिहिता येतात.

बेरीज, मसावि-लसावि, पूर्णांकांचा गुणाकार सांगून लिहिता येतो. पण सातवीच्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण भौमितिक रचनांचं आहे, आणि पहिल्या घटक चाचणीत ते जवळपास नक्की असतं. कोनाचा दुभाजक काढायला कंपासचं टोक धरून कंस मारावे लागतात. लेखनिकाने ते मारले तर मोजली जाते लेखनिकाची रचना. मुलीला रचना येते की नाही, हे शिक्षकांना त्यावरून कळत नाही. भूगोलात आराखड्यात ठिकाणं भरायची असतील तर तिथेही हीच अडचण येते.

विज्ञानातही आकृत्या असतात, पण तिथे मधला मार्ग निघतो. आकृती लेखनिक काढेल आणि नावं कुठे द्यायची ते मुलगी बोट ठेवून सांगेल. किंवा आकृतीऐवजी शिक्षक तिला तोंडी विचारतील. एका आकृतीसाठी अख्खा पेपर पुढे ढकलण्याची गरज नसते.

तुमच्या मुलाच्या चाचणीत रचना नसतील तर गणितही लेखनिकाकडून लिहून घेता येईल. अर्ज लिहायच्या आधी विषयशिक्षकांना कोणत्या प्रकरणांवर चाचणी आहे हे विचारून घ्या. या एका चौकशीने अर्ज निम्मा सोपा होतो.

बोटं प्लास्टरच्या बाहेर आहेत, मग लिहायला काय झालं? शाळेत असंच विचारतात.

हा प्रश्न बहुतेक वेळा वाईट हेतूने येत नाही. बोटं हलताना दिसतात म्हणून येतो. पण लिहिताना बोटांबरोबर मनगटही फिरतं आणि कोपरापासून हातही सरकतो. मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली की बहुधा कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घालतात, म्हणजे हात वळायलाच नको. अशा हाताने पेन धरता आला तरी ओळ पुढे नेता येत नाही. शिवाय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुळत आलेलं हाड सरकण्याची भीती असते, म्हणूनच डॉक्टर मधे पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात.

या प्रश्नाचं उत्तर पालकांनी वाद घालून देऊ नये. डॉक्टरांकडून एक वाक्य लिहून घ्यावं: ‘उजव्या हाताने लेखन करू नये.’ हे वाक्य कागदावर असलं की बोटांची चर्चा उरत नाही.

डॉक्टरांच्या कागदावर नेमकं काय हवं?

बरेच पालक ‘विश्रांतीचा सल्ला’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी आणतात. ती शाळेच्या काहीच कामाची नाही. तिच्यावरून मुलीला रजा द्यायची, खेळाच्या तासाला बसवून ठेवायचं की लेखनिक द्यायचा, यातलं काहीच कळत नाही.

चार गोष्टी हव्यात. कोणत्या हाताला इजा झाली आणि मूल त्याच हाताने लिहितं का. प्लास्टर कधी घातलं आणि अंदाजे कधी निघेल. त्या हाताने लिहायला मनाई कोणत्या तारखेपर्यंत आहे. आणि शेवटी डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक. प्रमाणपत्र अस्थिरोगतज्ज्ञाचं असेल तर उत्तम. गावात ते नसतील तर ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं चालतं. हाडवैद्याची चिठ्ठी शाळा स्वीकारू शकत नाही. आणि अर्जाचा विषय बाजूला ठेवला तरी, वाढत्या वयातलं मोडलेलं हाड एक्स-रे न काढता बांधून घेऊ नये, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

एक बारीक गोष्ट. सुरुवातीला सूज असते म्हणून अर्धवट, कच्चं प्लास्टर घालतात आणि सूज उतरली की आठवड्याभराने पक्कं घालतात. प्लास्टर किती आठवडे राहील याचा खरा अंदाज डॉक्टर त्या दुसऱ्या भेटीत देतात. त्यामुळे प्रमाणपत्र त्या दिवशी घ्या. आपल्या उदाहरणात पक्कं प्लास्टर २५ जुलैला घातलं आणि डॉक्टरांनी एकूण सहा आठवडे सांगितले, म्हणजे २९ ऑगस्टपर्यंत.

एक्स-रेची फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड शाळेत देऊ नका. ती पुढच्या तपासणीला लागतात आणि दप्तरी गेलेला कागद वेळेवर हाती येत नाही. प्रमाणपत्राची छायाप्रत जोडा आणि मूळ प्रत दाखवायला बरोबर ठेवा.

मग पक्कं प्लास्टर होईपर्यंत शाळेला कळवायचंच नाही का?

कळवायचं, लगेच. दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षकांना फोन करून किंवा डायरीत चार ओळी लिहून कळवा, म्हणजे त्या बाकावर कोणाला शेजारी बसवायचं, वह्या कशा पूर्ण करायच्या हे ठरवू शकतात. पण ही केवळ सूचना आहे. अर्ज वेगळा, आणि तो चाचणीच्या किमान आठवडाभर आधी गेला पाहिजे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला निरोप अर्ज ठरत नाही. मुख्याध्यापकांना त्यावर शेरा मारता येत नाही आणि परीक्षा विभागापर्यंत तो पोहोचतही नाही.

अर्ज कसा लिहायचा? नमुना मिळेल का?

हा आपल्या उदाहरणाचा पूर्ण अर्ज. कंसातल्या जागी आपले तपशील भरा.

दिनांक: २६ जुलै

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे नाव व गाव)

मार्फत: वर्गशिक्षिका, इयत्ता ७ वी, तुकडी ब

विषय: उजव्या हाताच्या अस्थिभंगामुळे पहिल्या घटक चाचणीत लेखनिक मिळण्याबाबत व दोन विषयांची चाचणी पुढे घेण्याबाबत.

महोदया,

माझी मुलगी कु. (पूर्ण नाव), इयत्ता ७ वी ब, हजेरी क्रमांक (—), हिच्या उजव्या हाताची मनगटाजवळील दोन्ही हाडे १८ जुलै रोजी पडल्यामुळे मोडली आहेत. ती उजव्या हाताने लिहिते. २५ जुलै रोजी तिला पक्के प्लास्टर घातले असून ते २९ ऑगस्टपर्यंत ठेवावे व तोपर्यंत उजव्या हाताने लेखन करू नये, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. ती शाळेत नियमित येत आहे.

पहिली घटक चाचणी ४ ते ११ ऑगस्ट या काळात आहे. त्यासाठी पुढीलप्रमाणे विनंती आहे.

मराठी, हिंदी, इंग्रजी, सामान्य विज्ञान व इतिहास-नागरिकशास्त्र या पाच विषयांची चाचणी ती ठरलेल्या दिवशीच देईल. या विषयांसाठी तिला शाळेने लेखनिक द्यावा, स्वतंत्र खोलीत बसू द्यावे व एक तासाच्या पेपरला वीस मिनिटे जादा वेळ द्यावा. विज्ञानातील आकृत्यांबाबत विषयशिक्षिका ठरवतील ती पद्धत आम्हांस मान्य आहे.

गणित (भौमितिक रचना) व भूगोल (आराखडा भरणे) या दोन विषयांत स्वतः काढून दाखवावे लागत असल्याने त्यांची चाचणी प्लास्टर निघाल्यावर, १५ सप्टेंबरच्या आठवड्यात, शाळेला सोयीच्या कोणत्याही दिवशी घ्यावी. त्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागेल याची आम्हांस जाणीव आहे. तसे शक्य नसल्यास या दोन विषयांचे मूल्यमापन तोंडी किंवा अन्य प्रकारे केल्यास आमची हरकत नाही.

लेखनिक शाळेला उपलब्ध होत नसल्यास कृपया ३० जुलैपर्यंत कळवावे, म्हणजे नियमात बसणारा लेखनिक आम्ही सुचवू शकू.

आपली विश्वासू,
(सही, नाव, दूरध्वनी क्रमांक)

सोबत: वैद्यकीय प्रमाणपत्राची छायाप्रत.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती घरी ठेवा. ही पोच मागताना संकोचू नका. कार्यालयातल्या लिपिकांना ती रोजची सवय असते.

या अर्जातली कोणती वाक्यं सर्वात महत्त्वाची आहेत?

‘तसे शक्य नसल्यास’ने सुरू होणारं वाक्य आणि ‘३० जुलैपर्यंत कळवावे’. पहिल्यामुळे मुख्याध्यापिकांना नाही म्हणण्याऐवजी दुसरा मार्ग निवडता येतो. दुसऱ्यामुळे अर्ज टेबलावर पडून राहत नाही.

‘ती शाळेत नियमित येत आहे’ हेही मुद्दाम लिहिलं आहे. पुढची तारीख मागणारा अर्ज आला की शाळेला पहिली शंका येते ती अभ्यास झाला नसल्याची. पाच पेपर वेळेवर द्यायची तयारी आणि रोजची हजेरी दिसली की ती शंका उरत नाही.

अपघाताचं लांबलचक वर्णन, मुलीची हुशारी, तिचा मागच्या वर्षीचा क्रमांक यांना अर्जात जागा देऊ नका. वाचणाऱ्याला विषय, तारखा आणि मागणी शोधावी लागता कामा नये.

शाळेला हे करण्याचा अधिकार आहे का, की वरून परवानगी लागते?

पहिली ते आठवीच्या घटक चाचणीला वरच्या परवानगीची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा आल्यावर राज्य शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केलं. त्यात सत्रभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनासाठी शिक्षकांना अनेक साधनं दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. लेखी चाचणी हे त्यातलं एक साधन आहे. म्हणून हात मोडलेल्या मुलीचं एखाद्या घटकाचं मूल्यमापन तोंडी घेतलं तर शिक्षक काही नियमाबाहेरचं करत नाहीत. आपल्या अर्जातली ‘तोंडी किंवा अन्य प्रकारे’ ही ओळ याच आधारावर लिहिली आहे.

नववीत मात्र घटक चाचणीचे गुण वार्षिक निकालात धरले जातात. तिथे तोंडीवर भागवू नका. लेखनिक आणि लेखी पेपर, किंवा पुढची तारीख आणि लेखी पेपर, असंच मागा.

अपंग हक्क कायद्याचा आधार घेऊन मागणी करावी का?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व जादा वेळेची तरतूद आहे, पण ती दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी. सहा आठवड्यांत बरा होणारा हात त्यात बसत नाही. अर्जात त्या कलमाचा हवाला दिला तर शाळा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागेल आणि सरळ चाललेलं काम अडेल.

त्यातली एक गोष्ट मोजमाप म्हणून उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ द्यायचा असतो. नमुन्यातली वीस मिनिटं तिथूनच घेतली आहेत. शाळेने ‘वेळ किती द्यायचा?’ विचारलं तर हा आकडा सांगा, पण हक्क म्हणून नको.

लेखनिक कोण असावा? ताई किंवा आई चालेल का?

नाही. बोर्डाच्या परीक्षेतली रीत घटक चाचणीलाही लावावी. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा, नात्यातला नसावा आणि अक्षर वाचता येण्याजोगं असावं. सातवीसाठी सहावीतलं मूल योग्य. त्या मुलाच्या पालकांना आधी विचारायला हवं, हे बऱ्याचदा राहून जातं.

अडचण अशी की त्याच वेळी सहावीचीही चाचणी चालू असते, आणि बहुतेक ठिकाणी लेखनिकाची गाडी इथेच अडते. यातून शाळा दोन-तीन प्रकारे वाट काढतात. शाळा दोन अधिवेशनांत भरत असेल तर दुसऱ्या अधिवेशनातल्या खालच्या वर्गातलं मूल बोलावता येतं. तसं नसेल तर तो विषय न शिकवणारे शिक्षक, ग्रंथपाल किंवा प्रयोगशाळा सहायक लिहून देतात. मोठा माणूस लिहितोय म्हणून उत्तर सुधारलं जाईल अशी शंका कोणी घेतली तर दुसरे पर्यवेक्षक त्या खोलीत बसवता येतात. मुलीचा पेपर दुपारी, सहावीची चाचणी संपल्यावर घ्यायचा विचार असेल तर मधल्या वेळेत तिला वर्गमैत्रिणींपासून वेगळं बसवावं लागतं. ते तिच्यासाठी फार कंटाळवाणं असतं, म्हणून हा शेवटचा पर्याय समजा.

बाहेरून लेखनिक आणायची वेळ आलीच तर दुसऱ्या शाळेतलं खालच्या इयत्तेतलं मूल आणि त्याचं बोनाफाईड लागेल. शिकवणीच्या बाईंची मुलगी वगैरे सुचवू नका.

लेखनिक मिळाला. आता सरावाची गरज आहे का?

आहे, आणि पालक इकडे सर्वात कमी लक्ष देतात. स्वतः लिहिणं आणि सांगून लिहवून घेणं यांत फार फरक आहे. मुलं लिहिता लिहिता विचार करतात. सांगताना पूर्ण वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. सवय नसली की मूल अर्धं वाक्य सांगून थांबतं, मग ‘खोड ते’ म्हणतं आणि वेळ जातो.

घरी रोज एक छोटं उत्तर तिने सांगावं आणि तुम्ही लिहावं. लिहिताना तुम्ही एकही शब्द सुधारायचा नाही. तिने चुकीचं सांगितलं तर चुकीचंच लिहायचं. प्रश्न क्रमांक आधी सांगायचा, मग उत्तर. परिच्छेद बदलायचा असेल तर ‘नवीन परिच्छेद’ म्हणायचं. इंग्रजीत अवघड शब्दाचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगायचं, कारण तिथे गुण तिच्या स्पेलिंगचे आहेत. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न येतोच. सहावीतला लेखनिक ‘नदि’ लिहील आणि गुण हिचे जातील. त्यावर भाषेच्या बाईंना आधीच विचारून ठेवावं: लेखनिकाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कसे धरणार? बहुतेक शिक्षक समजून घेतात, पण ते आधी ठरलेलं बरं.

गणित लेखनिकाकडून लिहून घेणार असाल तर कच्चं कामही त्यानेच करायचं, हे विसरू नका. अपूर्णांक सांगताना ‘तीन छेद चार’, कंस सांगताना ‘कंस सुरू’, ‘कंस बंद’ असं म्हणायची सवय लागावी. पेपर संपायला दहा मिनिटं उरली की तिने प्रत्येक पान स्वतः वाचून पाहावं, आणि हे लेखनिकालाही आधी सांगून ठेवा.

डाव्या हाताला प्लास्टर आहे आणि मूल उजव्या हाताने लिहितं. तेव्हा?

लेखनिकाची गरज नाही आणि मागू नये. पण पट्टी धरायला, कागद सरकू न द्यायला दुसरा हात लागतो. थोडा जादा वेळ आणि कागदाला क्लिपची पाटी, एवढंच मागा. रचनेच्या प्रश्नात पर्यवेक्षकांनी पट्टी धरायला मदत करावी अशी एक ओळ लिहिली तरी पुरते.

प्लास्टर निघाल्यावर दुसऱ्या दिवशी पेपर घेता येईल का?

शाळा बहुधा हेच सुचवते, कारण तारीख लवकर संपवायची असते. पण प्लास्टरमधून निघालेलं मनगट ताठ असतं, त्वचा कोरडी असते आणि हात बारीक झालेला असतो. मुलांचा हात मोठ्यांपेक्षा लवकर मोकळा होतो, तरी पहिल्या दिवसांत पंधरा-वीस ओळी लिहून हात दुखतो आणि अक्षर वाकडं येतं. कंपास फिरवायला तर मनगटच लागतं. म्हणून अर्जात २९ ऑगस्टनंतर दोन आठवडे सोडून १५ सप्टेंबरचा आठवडा मागितला आहे. गणेशोत्सवाची सुट्टीही त्यातच संपते आणि सत्र परीक्षेला पुरेसे दिवस उरतात.

चाचणीच्या वेळी पर्यवेक्षकांना काही सांगून ठेवायचं का?

एक गोष्ट नक्की सांगा. बोटं निळसर किंवा पांढरी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, किंवा बोटं सरळ केल्यावर असह्य दुखू लागलं, तर पेपर तिथेच थांबवून लगेच तुम्हाला फोन करावा आणि मुलीला रुग्णालयात न्यावं. प्लास्टरच्या आत दाब वाढल्याची ती लक्षणं आहेत आणि त्यात तासाभराचाही उशीर चालत नाही. ‘पेपर संपल्यावर बघू’ असं कोणी म्हणू नये, म्हणून हे अर्जाबरोबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्या. बसताना हात लोंबकळता न ठेवता बाकावर टेकवता येईल अशी जागाही मागा.

शाळेने नकार दिला तर?

आधी कारण विचारा. ‘लेखनिक मिळत नाही’ असं उत्तर असेल तर तो नकार नाही, ती अडचण आहे आणि तुम्ही ती सोडवायला मदत करू शकता. ‘सगळ्यांना सारखा नियम’ असं उत्तर आलं तर तोंडी मूल्यमापनाची विनंती पुन्हा करा. शिक्षकांना त्यासाठी नियम मोडावा लागत नाही, हे नम्रपणे सांगा. परीक्षा विभागप्रमुखांशी बोललात तर मुख्याध्यापकांपर्यंत गोष्ट बऱ्याचदा सोपी होऊन पोहोचते.

तरीही काही झालं नाही तर पालक-शिक्षक संघ किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे पोच घेतलेल्या प्रतीसह विषय मांडा. त्यापुढे ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी आहेत. मला मात्र वीस गुणांच्या चाचणीसाठी तिथपर्यंत जाणं मुलीच्या हिताचं वाटत नाही. तिला त्या वर्गात अजून वर्षभर बसायचं असतं. नववीचे गुण किंवा सत्र परीक्षा पणाला लागली असेल तर अर्थातच जावं.

हाच अर्ज बाकीच्या परीक्षांना चालेल का?

नाही. राज्यभर एकाच वेळापत्रकाने होणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीची तारीख शाळा बदलू शकत नाही. तिथे फक्त लेखनिकाबद्दल विचारता येईल. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शाळेमार्फत राज्य परीक्षा परिषदेकडे कळवावं लागतं. दहावी-बारावीला शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवतं. तिथे लेखनिक मिळतो, पण पेपरची तारीख कोणासाठीही हलत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी हात मोडला तरी थेट केंद्रावर जाऊन बसू नका. शाळेला त्याच संध्याकाळी कळवा, कारण लेखनिकाची कागदपत्रं मंडळाकडून मंजूर व्हावी लागतात.

डॉक्टरांनी प्लास्टर आणखी दोन आठवडे ठेवायला सांगितलं. नवा अर्ज करायचा का?

पूर्ण अर्ज पुन्हा लिहू नका. पाच ओळी पुरेत: ‘दिनांक २६ जुलैच्या माझ्या अर्जाच्या संदर्भात’ अशी सुरुवात, जुना आवक क्रमांक, प्लास्टरची नवी तारीख, आणि गणित-भूगोलाची चाचणी १५ सप्टेंबरऐवजी २९ सप्टेंबरच्या आठवड्यात घ्यावी ही विनंती. डॉक्टरांची नवी चिठ्ठी जोडा. त्याहून पुढे मात्र मागू नका, कारण लगेच सत्र परीक्षा येते. हात तोपर्यंतही मोकळा झाला नाही तर त्याच पत्रात लिहा की या दोन विषयांचं तोंडी मूल्यमापन मान्य आहे आणि सत्र परीक्षेच्या लेखनिकासाठी वेगळा अर्ज देत आहोत.